आरशात ट्रक उलटा दिसला तर? आरसा आणि भिंगाच्या गणितांतला उणे-अधिकचा गोंधळ

तुम्ही स्कूटरवर आहात. मागून ट्रक येतोय आणि हँडलच्या आरशात तो दिसतोय. छोटासा, पण चाकं खाली आणि टप वर, असा अगदी सरळ उभा.

आता हेच दृश्य दहावीच्या वहीत गणित होऊन येतं. बहिर्वक्र आरशाचं नाभीय अंतर २ मीटर आहे, ट्रक ६ मीटरवर आहे, तर प्रतिमा कुठे आणि कशी? एका मुलानं ते असं सोडवलं:

1/v = 1/f - 1/u = 1/(-2) - 1/(-6) = -1/2 + 1/6 = -1/3

v = -3 मीटर

m = -v/u = -(-3)/(-6) = -0.5

आकडेमोडीत कुठेही चूक नाही. सूत्र बरोबर, अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकीही बरोबर. पण या उत्तराचा अर्थ काय होतो, ते वाचून पाहा. विशालन उणे आहे, म्हणजे प्रतिमा उलटी आहे. याचा अर्थ स्कूटरच्या आरशात ट्रक चाकं वर करून चाललाय!

चूक एकाच जागी आहे. बहिर्वक्र आरशाचं नाभीय अंतर धन असतं आणि मुलानं ते ऋण घेतलं. f = +2 घेतलं तर 1/v = 1/2 + 1/6 = 2/3, म्हणून v = +1.5 मीटर आणि m = -(1.5)/(-6) = +0.25. प्रतिमा सुलटी आणि वस्तूच्या पाव आकाराची. रोज रस्त्यावर दिसते तशीच.

ही चूक पकडायला गणित पुन्हा सोडवावं लागलं नाही. उत्तर काय सांगतंय ते वाचलं आणि डोळ्यांसमोर आणलं, एवढ्यानं ती सापडली. तुम्ही स्वतः दहावीत असाल, किंवा घरातल्या मुलाचा अभ्यास घेत असाल, तर चिन्हांच्या नेहमीच्या चार चुका आणि त्या पकडणारी ही तपासणी एकदा नीट समजून घ्या.

चिन्ह म्हणजे फक्त दिशा

सीबीएसई आणि महाराष्ट्र बोर्ड, दोन्हीकडच्या पुस्तकांत कार्टेशियन चिन्ह संकेत वापरतात. आलेखाच्या कागदावर आरंभबिंदू असतो, तसाच इथे आरशाचा ध्रुव किंवा भिंगाचं प्रकाशीय केंद्र हा शून्य मानायचा. वस्तू नेहमी डावीकडे ठेवायची, म्हणजे प्रकाश डावीकडून उजवीकडे येतो. सगळी अंतरं त्या शून्यापासून मोजायची. उजवीकडची धन, डावीकडची ऋण. मुख्य अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण.

एवढाच नियम आहे. त्यात वास्तव आणि आभासी हे शब्द कुठेही आलेले नाहीत, हे लक्षात ठेवा. चिन्ह फक्त 'कोणत्या बाजूला' एवढंच सांगतं.

या नियमातून दोन गोष्टी लगेच मिळतात. पहिली, वस्तू डावीकडे असते, म्हणून u ऋण. दुसरी, f चं चिन्ह. अंतर्वक्र आरसा, म्हणजे इंग्रजी माध्यमातला कॉन्केव्ह, समोरून आलेले समांतर किरण परत फेकून आपल्यासमोर, डावीकडे एकत्र आणतो. म्हणून त्याचं f ऋण. बहिर्वक्र, म्हणजे कॉन्व्हेक्स आरशाची नाभी आरशाच्या मागे, उजवीकडे असते. म्हणून f धन. भिंगाचं काय? बहिर्वक्र भिंग किरण आरपार नेऊन उजवीकडे एकत्र आणतं, म्हणून f धन. अंतर्वक्र भिंगातून बाहेर पडलेले किरण डावीकडच्या एका बिंदूतून फाकत आल्यासारखे वाटतात, म्हणून f ऋण.

कारणं वेगवेगळी आहेत, पण निष्कर्ष लक्षात ठेवायला सोपा आहे. आरसा असो वा भिंग, अंतर्वक्र म्हणजे ऋण f आणि बहिर्वक्र म्हणजे धन f.

पहिली चूक: 'उणे आलं, म्हणजे आभासी'

ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. भिंगाच्या गणितात v ऋण आलं की प्रतिमा आभासी असते, हे खरं आहे. मुलं ते पाठ करतात आणि आरशालाही लावतात. आरशाच्या गणितात v = -60 आलं की बेधडक 'प्रतिमा आभासी' असं लिहून मोकळी होतात. तिथे उत्तर नेमकं उलटं आहे.

स्वतःला एकच प्रश्न विचारा. या वस्तूवर पडलेला प्रकाश शेवटी कोणत्या बाजूला जातो?

आरसा प्रकाश परत फेकतो. म्हणजे खरे किरण आरशासमोर, डावीकडेच असतात. आरशाच्या मागे भिंत आहे, तिथे एकही किरण पोहोचत नाही. म्हणून किरण प्रत्यक्ष एकत्र येऊन वास्तव प्रतिमा तयार होणार ती डावीकडेच, म्हणजे v ऋण असतानाच. v धन असेल तर प्रतिमा आरशाच्या मागे, म्हणजे आभासी.

भिंग प्रकाश आरपार जाऊ देतं. खरे किरण उजवीकडे जातात, म्हणून वास्तव प्रतिमा उजवीकडे, v धन. v ऋण असेल तर प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, म्हणजे आभासी.

पाठ करायचंच असेल तर एवढंच करा: प्रकाश जातो त्या बाजूची प्रतिमा वास्तव, दुसऱ्या बाजूची आभासी. 'उणे म्हणजे आभासी' हे वाक्य मात्र डोक्यातून काढून टाका.

दुसरी चूक: अर्धीच चिन्हं घालणं

एक गणित घेऊ. अंतर्वक्र आरशाचं नाभीय अंतर १५ सेंटिमीटर आहे. वस्तू आरशापासून १० सेंटिमीटरवर ठेवली आहे. प्रतिमेचं स्थान आणि विशालन काढा.

बरोबर मांडणी अशी:

u = -10, f = -15

1/v = 1/f - 1/u = 1/(-15) - 1/(-10) = -1/15 + 1/10 = 1/30

v = +30 सेमी

m = -v/u = -(30)/(-10) = +3

प्रतिमा आरशाच्या मागे ३० सेंटिमीटरवर, आभासी, सुलटी आणि तिप्पट मोठी. दाढी करताना किंवा मेकअपसाठी वापरतात त्या मोठं दाखवणाऱ्या आरशात चेहरा असाच दिसतो. चेहरा नाभीपेक्षा जवळ असतो, म्हणून.

आता चूक पाहू. मुलाला आठवतं की अंतर्वक्र आरशाचं f ऋण, म्हणून तो f = -15 घेतो. पण u ला उणे लावायला विसरतो:

1/v = 1/(-15) - 1/(+10) = -1/6

v = -6 सेमी, m = -(-6)/(10) = +0.6

काय सांगतंय हे उत्तर? v ऋण आहे, म्हणजे प्रतिमा आरशासमोर, वास्तव. पण m धन आहे, म्हणजे सुलटी. एकाच आरशानं खऱ्या वस्तूची तयार केलेली वास्तव प्रतिमा नेहमी उलटीच असते. म्हणजे उत्तराची दोन वाक्यंच एकमेकांशी भांडतायत. हे भांडण दिसलं की समजायचं, कुठेतरी चिन्ह चुकलंय.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे एकच चिन्ह दोनदा लावणं. मूल मनातल्या मनात विचार करतं, 'u ऋण असतं, म्हणून सूत्रातल्या - 1/u चं + 1/u होतं', आणि वहीत सूत्रच 1/v = 1/f + 1/u असं बदलून लिहितं. मग पुढच्या ओळीत u च्या जागी पुन्हा -10 घालतं. उणे एकदा सूत्रात गेलं, एकदा किमतीत गेलं, आणि दोघं मिळून नाहीसं झालं. वरच्या गणितात असं केलं तर तेच -1/6 हाती येतं.

यावर उपाय साधा आहे. सूत्र आधी फक्त अक्षरांत लिहा आणि त्याला हात लावू नका. मग प्रत्येक अक्षराच्या जागी किंमत तिच्या चिन्हासकट कंसात ठेवा. कंस उघडायचं काम त्यापुढच्या ओळीत. एक ओळ वाढते, पण चिन्ह हरवत नाही.

तिसरी चूक: आरशाचं सूत्र भिंगाला

आरशासाठी 1/v + 1/u = 1/f आणि m = -v/u.

भिंगासाठी 1/v - 1/u = 1/f आणि m = v/u.

दोन्ही जोड्यांत एक अधिक आणि एक उणे आहे, फक्त जागा बदललेल्या आहेत. आरशाच्या सूत्रात मधे अधिक, तर विशालनात उणे. भिंगाच्या सूत्रात मधे उणे, तर विशालनात काही नाही. त्यामागे कारणही आहे. आरशाची वास्तव प्रतिमा वस्तूच्याच बाजूला असते, म्हणून u आणि v दोन्ही ऋण असतात आणि त्यांचा भागाकार धन येतो. पण प्रतिमा तर उलटी आहे. ते उलटेपण दाखवायला बाहेरून एक उणे लावावं लागतं. भिंगाची वास्तव प्रतिमा पलीकडे असते, v धन आणि u ऋण, त्यामुळे उणे आपोआप येतं.

गोंधळ वाढायचं आणखी एक कारण म्हणजे मोबाइलवरचे व्हिडिओ. अमेरिकेतल्या बऱ्याच पुस्तकांत आरसा आणि भिंग दोघांनाही मधे अधिक असलेलं एकच सूत्र वापरतात. तिथे वस्तूचं अंतर धन धरतात आणि वास्तव प्रतिमेचंही धन धरतात. 'वास्तव ते धन' हा संकेत काही जुन्या पुस्तकांतही होता, म्हणून कदाचित आजोबांना तोच आठवत असेल. ती पद्धत चुकीची नाही. पण तिथलं सूत्र घ्यायचं आणि चिन्हं आपल्या पुस्तकाची घालायची, असं केलं की घोटाळा होतो. सूत्र आणि चिन्हं एकाच घरची हवीत.

हा घोटाळा कसा दिसतो, ते पाहू. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेंटिमीटर, वस्तू ३० सेंटिमीटरवर. बरोबर उत्तर:

1/v = 1/f + 1/u = 1/20 + 1/(-30) = 1/60

v = +60 सेमी, m = 60/(-30) = -2

प्रतिमा पलीकडे ६० सेंटिमीटरवर, वास्तव, उलटी, दुप्पट. इथला अधिक भिंगाच्या सूत्रातला - 1/u बरोबरच्या दुसऱ्या बाजूला गेल्यामुळे आला आहे, हेही पाहून ठेवा.

आता चुकून आरशाचं सूत्र वापरलं तर:

1/v = 1/20 - 1/(-30) = 1/20 + 1/30 = 1/12

v = +12 सेमी, m = 12/(-30) = -0.4

ही चूक जास्त धोक्याची आहे. v धन, म्हणून वास्तव. m ऋण, म्हणून उलटी. दोन वाक्यांचं एकमेकांशी अजिबात भांडण नाही. दिसायला उत्तर अगदी सभ्य आहे, आणि तरीही चूक आहे.

मग ते पकडायचं कसं? v ची तुलना f शी करून. फार दूरच्या वस्तूची, म्हणजे समांतर किरणांची प्रतिमा बरोबर नाभीत, २० सेंटिमीटरवर येते. वस्तू जवळ आणत गेलं की वास्तव प्रतिमा त्याहून लांब सरकते. नाभीच्या आत ती कधीच येत नाही. म्हणून २० सेंटिमीटरच्या भिंगाची वास्तव प्रतिमा १२ सेंटिमीटरवर असणं शक्यच नाही. शिवाय वस्तू f आणि 2f च्या मधे, म्हणजे २० आणि ४० च्या मधे आहे. अशा वस्तूची प्रतिमा मोठी यायला हवी, आणि आपली तर लहान आली आहे.

चौथी चूक: शब्दांत लपलेलं चिन्ह न वाचणं

कधी कधी गणितात आकडा दिलेला असतो, पण त्याचं चिन्ह शब्दांत असतं. 'प्रतिमा पडद्यावर मिळाली' म्हटलं की ती वास्तव, कारण पडद्यावर खरे किरणच पडू शकतात. म्हणून विशालन ऋण घ्यायचं. 'आरशाच्या मागे' म्हटलं की v धन. 'सुलटी प्रतिमा' म्हटलं की m धन.

खरी गंमत येते ती काहीच न सांगितल्यावर. 'अंतर्वक्र आरशाचं नाभीय अंतर १५ सेंटिमीटर. वस्तू कुठे ठेवली तर प्रतिमा तिप्पट मोठी मिळेल?' बहुतेक जण m = 3 घेतात आणि एक उत्तर काढून थांबतात. पण तिप्पट मोठी प्रतिमा सुलटी असू शकते आणि उलटीही.

m = +3 घेतलं तर v = -3u, आणि सूत्रात घातल्यावर u = -10 मिळतं. हे आपलंच मघाचं गणित. m = -3 घेतलं तर v = 3u. मग 1/(3u) + 1/u = 4/(3u) = -1/15, म्हणून u = -20 आणि v = -60. ही प्रतिमा आरशासमोर ६० सेंटिमीटरवर, वास्तव आणि उलटी. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि प्रश्नात आणखी काही सांगितलेलं नसेल तर दोन्ही लिहायला हवीत.

इथे एक सवय लावून घ्या. जी राशी काढायची आहे, तिला आधीच चिन्ह लावू नका. 'प्रतिमा आभासी असणार, म्हणून v ऋण' असा विचार करून सूत्रात -v लिहिलं, की उत्तराचा अर्थ लावताना हमखास गडबड होते. माहीत असलेल्या किमतीला चिन्ह द्या, माहीत नसलेलं अक्षर तसंच उघडं ठेवा. तिचं चिन्ह सूत्र सांगेल.

तपासणी: चष्म्याच्या नंबरावर करून पाहू

उत्तर तपासायचं म्हणजे बरेच जण आलेली किंमत पुन्हा सूत्रात घालतात. ते जरूर करावं, पण त्यातून काय कळतं, तेही समजून घ्या. त्यातून फक्त आकडेमोडीची चूक कळते. सुरुवातीलाच चिन्ह चुकीचं घेतलं असेल, तर चुकीचं उत्तरही सूत्रात चपखल बसतं. उलटा ट्रकही त्या परीक्षेत पास झाला असता. म्हणून खरी तपासणी पाच पायऱ्यांची आहे. ती आपण घरातल्याच एका गणितावर करू.

आजोबांना ५० सेंटिमीटरपेक्षा जवळचं स्पष्ट दिसत नाही. त्यांना वर्तमानपत्र २५ सेंटिमीटरवर धरून वाचायचं आहे. कोणत्या नंबरचं भिंग हवं? भिंग डोळ्याच्या अगदी जवळ आहे असं धरू.

पायरी १, आधी अंदाज. गणिताला हात लावण्याआधी कच्ची आकृती काढा आणि बाजूला तीन शब्द लिहा: वास्तव की आभासी, सुलटी की उलटी, मोठी की लहान. इथे भिंगानं २५ सेंटिमीटरवरच्या अक्षरांची प्रतिमा ५० सेंटिमीटरवर तयार करायची आहे, म्हणजे आजोबांचा डोळा ती पाहू शकेल. आजोबा भिंगातून समोर बघतायत, तेव्हा ती प्रतिमा पेपरच्याच बाजूला हवी. अक्षरं सुलटीही दिसायला हवीत. म्हणून आभासी, सुलटी, मोठी. भिंग बहिर्वक्र असावं, असाही अंदाज करता येतो.

पायरी २, चिन्हांसकट माहिती. पेपर डावीकडे, u = -25. प्रतिमाही डावीकडे, v = -50. f माहीत नाही, म्हणून ते उघडंच.

पायरी ३, सूत्र अक्षरांत, किमती कंसात.

1/f = 1/v - 1/u = 1/(-50) - 1/(-25) = -1/50 + 2/50 = 1/50

f = +50 सेमी = +0.5 मीटर

भिंगाची शक्ती P = 1/f = 1/0.5 = +2 डायऑप्टर. इथे f मीटरमध्येच घालायचं, हे विसरू नका.

पायरी ४, दोन वाक्यांचं पटतंय का? v ऋण आणि हे भिंग आहे, म्हणून प्रतिमा आभासी. m = v/u = (-50)/(-25) = +2, म्हणून सुलटी आणि दुप्पट. आभासी आणि सुलटी यांचं पटतं. वास्तव आली तर उलटी, आभासी आली तर सुलटी, एवढंच इथे पाहायचं.

पायरी ५, f शी तुलना. बहिर्वक्र भिंगाची आभासी प्रतिमा मिळायला वस्तू नाभीच्या आत हवी. २५ हे ५० पेक्षा कमी आहे, म्हणून जमतं. पहिल्या पायरीतल्या तीन शब्दांशीही उत्तर जुळतं.

आता याच गणितातली नेहमीची चूक करून पाहा. प्रतिमा म्हटलं की धन, असं समजून v = +50 घेतलं तर 1/f = 1/50 + 1/25 = 3/50, आणि नंबर येतो +6. f होतं साधारण १६.७ सेंटिमीटर. चौथ्या पायरीवर m = 50/(-25) = -2 येईल, म्हणजे प्रतिमा उलटी. आजोबांना पेपर उलटा वाचावा लागेल! शिवाय ती प्रतिमा भिंगाच्या पलीकडे, त्यांच्या डोक्याच्या मागे तयार होणार. हव्या त्या +2 च्या जागी +6 चा चष्मा लावून २५ सेंटिमीटरवरचा पेपर त्यांना वाचताच येणार नाही. एका चिन्हानं एवढा फरक पडतो.

पाचव्या पायरीसाठी लक्षात ठेवायच्या गोष्टी फार नाहीत. बहिर्वक्र आरसा आणि अंतर्वक्र भिंग यांच्याकडे खऱ्या वस्तूची प्रतिमा नेहमी आभासी, सुलटी, लहान आणि f पेक्षा कमी अंतरावर असते. ट्रकच्या गणितात १.५ हे २ पेक्षा कमी आलं होतं, ते आठवा. अंतर्वक्र आरसा आणि बहिर्वक्र भिंग यांच्याकडे वस्तू नाभीच्या आत असेल तर प्रतिमा आभासी, सुलटी, मोठी. नाभीच्या बाहेर असेल तर वास्तव, उलटी आणि f पेक्षा जास्त अंतरावर. त्यातही वस्तू 2f च्या आत असेल तर प्रतिमा मोठी, 2f वर असेल तर तेवढीच, आणि 2f च्या बाहेर असेल तर लहान.

हे पाठ होत नसेल तर स्वयंपाकघरातला स्टीलचा चमचा घ्या. बाहेरची फुगीर बाजू म्हणजे बहिर्वक्र आरसा. त्यात चेहरा कितीही लांबून पाहा, सुलटा आणि लहानच दिसेल. आतली खोलगट बाजू म्हणजे अंतर्वक्र आरसा. हात लांब करून पाहिलं की चेहरा उलटा दिसतो. आता बोटाचं टोक त्या खोलगट भागाच्या अगदी जवळ न्या. ते सुलटं आणि मोठं दिसू लागेल, कारण बोट नाभीच्या आत गेलं. चमच्याचं नाभीय अंतर फार लहान असतं, म्हणून अगदी जवळच न्यावं लागतं.

ही तपासणी कुठे थांबते?

पुढे अकरावी-बारावीत दोन भिंगं एकामागे एक ठेवलेली गणितं येतात. तिथे पहिल्या भिंगाची प्रतिमा दुसऱ्या भिंगासाठी वस्तू होते. किरण एकत्र येण्याआधीच वाटेत दुसरं भिंग आलं, तर ही वस्तू त्या भिंगाच्या उजवीकडे पडते आणि u धन घ्यावं लागतं. अशा वेळी 'वास्तव म्हणजे उलटी' हा चौथ्या पायरीचा नियम एकेका भिंगाला जसाच्या तसा लावता येत नाही. 'u नेहमी ऋण' हेही तिथे चालत नाही. मूळ नियम मात्र चालतो: शून्यापासून मोजा, उजवीकडे धन, डावीकडे ऋण. म्हणूनच सुरुवातीपासून चिन्हाला दिशा समजलेलं बरं.

दहावीपर्यंतच्या, एक आरसा किंवा एक भिंग आणि समोर एक खरी वस्तू असलेल्या गणितांना या पाच पायऱ्या पुरतात. वहीत त्यांना दोन-तीन ओळी लागतात. पुढच्या वेळी उत्तर आलं की लगेच खाली दुहेरी रेघ ओढू नका. आधी ते वाक्यात वाचा, 'प्रतिमा अमुक बाजूला, अमुक अंतरावर, सुलटी किंवा उलटी', आणि स्वतःला विचारा, असं प्रत्यक्षात दिसेल का? ट्रकची चाकं वर गेली असतील, तर चिन्हं पुन्हा तपासा.